मंगळवार आणि शुक्रवार

मागच्या वर्षी माझ्या सहावीच्या वर्गात एक मुलगी होती, तिला इथे सोनू म्हणते, खरं नाव वेगळं आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी अनियमित मुलांची यादी काढायची होती, ७५ टक्क्यांच्या खाली कोण कोण आहे ते. सोनू त्यात आली. जुलै ते ऑक्टोबर कामाचे दिवस ८२, हजर ६०, म्हणजे ७३ टक्के. यादीत नावासमोर एक रकाना असतो, "गैरहजेरीचे कारण", आणि त्यात मी लिहून मोकळी झाले होते : पालक उदासीन, फोन उचलत नाहीत.

हे मीच लिहिलं होतं, तिच्या घरी न जाता, तिच्या आईशी एकदाही न बोलता. दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा उचलला नाही, बस. आता तो रकाना आठवला की वाईट वाटतं, कारण ते दोन शब्द केंद्रप्रमुखांपर्यंत गेले आणि कागदावर एकदा "उदासीन" झालेला पालक पुढच्या वर्गातही उदासीनच राहतो, पुढची शिक्षिका तेच वाचते आणि तेच पुढे उतरवते.

पूर्व नागपुरात, डिप्टी सिग्नलकडून पारडीकडे जाताना जी वस्ती लागते तिथली बरीच मुलं आमच्याकडे येतात. कोणाचे वडील कळमना मार्केटमध्ये हमाली करतात, कोणाची आई चार घरी स्वयंपाक करते, काही घरं छत्तीसगडकडून कामासाठी आलेली, आता इथलीच झालेली. शाळा सकाळची, साडेसात ते साडेबारा. गैरहजेरी आम्हाला नवीन नाही. पण जी गैरहजेरी पकडली जाते ती सलग असते. मूल सतत महिनाभर आलं नाही की ते शाळाबाह्य धरलं जातं, मग बालरक्षक शिक्षक, सर्व्हे, शाळा व्यवस्थापन समिती, सगळे हलतात. सोनू कधीच सलग तीन दिवस गैरहजर नव्हती. एक दिवस नाही, मग दोन दिवस हजर, परत एक दिवस नाही. असं मूल कुठल्याच चाळणीत अडकत नाही, फक्त हळूहळू गणितात मागे पडत जातं, आणि आपल्याला वाटतं की पोरगी जरा कच्ची आहे.

यादी दिल्यानंतर दोन दिवसांनी, पेपर तपासून झाले म्हणून हजेरीपत्रक घेऊन बसले आणि सोनूच्या ओळीत वार लिहून बघितले. हे मी आधी कधी केलंच नव्हतं, आपण महिन्याची बेरीज करतो, टक्का काढतो आणि पान उलटतो. जुलैत दोन दिवस गैरहजर, ऑगस्टमध्ये चार, सप्टेंबरमध्ये एकदम दहा, ऑक्टोबरच्या अर्ध्या महिन्यात सहा. एकूण २२. आणि ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यापासून बघितलं तर मंगळवार आणि शुक्रवार मिळून शाळेचे १६ दिवस झाले होते, त्यातल्या १५ दिवसांना ती नव्हती. सोमवार, बुधवार, गुरुवार, शनिवार जवळपास पूर्ण भरलेले. कंटाळा, आळस, अभ्यासाची भीती ह्या गोष्टी वार बघून येत नाहीत. आठवड्यातून ठरलेले दोन दिवस त्या घरात काहीतरी होत होतं, ऑगस्टच्या शेवटी सुरू झालेलं.

घरी गेले तर मंगळवारीच गेले, शाळा सुटल्यावर, न कळवता. ही चूक होती. दार उघडं, आत सोनू, कडेवर अडीच वर्षांचा भाऊ, गॅसवर भात. मला बघून तिचा चेहरा पांढरा पडला आणि पहिला प्रश्न काय, तर "मॅडम, नाव कापून राहिले का माझं?" मी म्हटलं, नाव कोणीच कापू शकत नाही गं, आठवीपर्यंत कोणत्याच मुलाला शाळेतून काढता येत नाही, तसा कायदाच आहे. तिला पटलं की नाही माहीत नाही. मी आत गेले नाही, आणि आई कुठे गेली, बाबा कुठे आहेत हेसुद्धा विचारलं नाही. घरी मोठं कोणी नसताना लेकराला घराबद्दल विचारायचं नसतं, त्याला खरं सांगितलं तरी घरच्यांशी बेइमानी वाटते आणि खोटं सांगितलं तर आपल्याशी. फक्त एवढंच म्हटलं, आईला विचार उद्या पाच वाजता येऊ का, जमत नसेल तर कधी येऊ, तिला तुझ्याजवळ निरोप द्यायला सांग. सकाळी शाळेत सोनूने निरोप दिला, या म्हणे.

बुधवारी गेले तर आईने अंगण झाडून ठेवलं होतं, शेजारून खुर्ची आणली होती. वडील आतल्या बाजूला पलंगावर पडलेले, त्यांनी हात जोडले आणि भिंतीकडे तोंड केलं. मी रजिस्टर बाहेर काढलं नाही. हे मला एका जुन्या बाईंनी शिकवलं होतं, समोर कागद उघडला की माणूस जबानी दिल्यासारखं बोलतो. आणि "पोरगी शाळेत काउन येत नाही" हेही विचारलं नाही. काउनचं उत्तर नेहमी माफीच असते, हो मॅडम, चुकलं मॅडम, उद्यापासून पाठवतो मॅडम, आणि आपण ते ऐकून समाधानाने घरी जातो. मी म्हटलं, ताई, तुमचा मंगळवार कसा असतो ते सांगा ना, सकाळी उठल्यापासून.

मग त्या बोलल्या. वडिलांच्या किडन्या गेल्या होत्या, ऑगस्टपासून डायलिसिस, आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी. योजनेतून फुकट होते, पैशाचा प्रश्न तो नाही. पण सकाळच्या पाळीचा नंबर, साडेसातला पोचायचं म्हणजे साडेसहाला घर सोडायचं. मशीनवर चार तास, त्याच्या आधी वजन, बीपी, नंतर चक्कर येते म्हणून थोडं थांबायचं, ऑटो करून घरी यायला दीड वाजतो. त्यांना एकट्याने पाठवता येत नाही. "पोरगीले शाळेत पाठवाचंच हाय मॅडम, पण या लेकराले कोनाजवळ ठेवू? दवाखान्यात आत घेऊ देत नाही." आणि फोन? घरात एकच फोन, तो दवाखान्यात आईजवळ असतो आणि आत गेलं की बंद. मी ज्या दोन वेळा फोन केला होता ते दोन्ही वार मी नंतर तपासले. एक मंगळवार, एक शुक्रवार.

ह्या भेटीत मला सगळ्यात उपयोगी पडलेला प्रश्न मात्र दुसराच होता. मी विचारलं, सोळापैकी एक दिवस सोनू आली होती, सप्टेंबरमधला शुक्रवार होता, त्या दिवशी काय झालं होतं? आईला आठवेना, सोनूला आठवलं. त्या दिवशी शेजारच्या मावशीला कामाला सुट्टी होती, तिने छोट्याला सांभाळलं. मावशी सकाळी तीन घरचे भांडे करते, दहाला परत येते. म्हणजे दहानंतर छोट्यासाठी माणूस होतं, फक्त कोणी तिला रोजचं म्हणून विचारलं नव्हतं, कारण त्यासाठी वडिलांचं दुखणं सांगावं लागलं असतं आणि त्यांना ते नको होतं. मी निघताना ते पहिल्यांदा बोलले, "मॅडम, शाळेत सांगजा नका." त्या वाक्याने माझा अख्खा अहवाल बदलला.

गृहभेट अहवाल म्हणजे गुपचूप ठेवायची डायरी नाही. तो मुख्याध्यापकांकडे जातो, फाइलला लागतो, केंद्रप्रमुख बघतात, समितीच्या बैठकीत वाचला जाऊ शकतो आणि समितीत बसलेले पालक त्याच वस्तीतले असतात. आजकाल तर व्हॉट्सॲप ग्रुपवर भेटीचा फोटोही टाका म्हणतात. मी फोटो काढला नाही. नंतर विचारणा झाली तेव्हा सांगितलं की घरी आजारी माणूस आहे, त्यांची परवानगी नाही, भेटीची तारीख, वेळ आणि आईची सही कागदावर आहे. त्यावर कोणी काही बोललं नाही. आपण गृहीत धरतो की बोलतील, आणि म्हणून आधीच फोटो काढून ठेवतो.

रात्री पहिला मसुदा लिहिला तो असा होता, इथे तसाच देते :

"विद्यार्थिनीच्या घरची परिस्थिती हलाखीची असून घर एका खोलीचे, अंधारे आहे. वडील किडनीच्या गंभीर आजाराने अंथरुणाला खिळलेले असून कमावत नाहीत. आई मोलमजुरी करते. लहान भावाला सांभाळण्याची जबाबदारी विद्यार्थिनीवर टाकली जाते. पालकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले."

वाचायला दयाळू वाटतो ना? मला तेव्हा वाटला होता. मग मी प्रत्येक वाक्यासमोर एकच प्रश्न लिहिला, की हे वाचून कोणी काही वेगळं करेल का. अंधारी खोली, शाळा त्याचं काही करणार नाही, मग ती कागदावर कशाला? हलाखी, हा माझा शब्द, त्यांनी म्हटला नाही, मी मोजली नाही. आजाराचं नाव, शाळेला ते कळल्याने सोनूची हजेरी वाढत नाही, शाळेला कळायला हवेत फक्त वार आणि तास. "जबाबदारी टाकली जाते" म्हणजे कोणीतरी निष्ठुरपणे टाकली असा सूर, खरं तर दुसरं माणूसच नव्हतं. आणि "महत्त्व पटवून दिले" हे तर साफ खोटं, त्या बाईला शिक्षणाचं महत्त्व मला पटवून द्यायची गरजच नव्हती, सोमवारी-बुधवारी पोरगी सव्वासातला वेणी घालून दारात उभी असायची ती काय उगाच.

दुसऱ्यांदा लिहिताना दोनच प्रकारची वाक्यं ठेवली, मी स्वतः पाहिलं ते आणि त्यांनी सांगितलं ते, आणि कोणतं कोणाचं हे वाक्यातच कळेल असं. मला काय वाटलं ते बाहेर ठेवलं. ते असं झालं :

"हजेरीपत्रकानुसार ऑगस्ट अखेरीपासून मंगळवार व शुक्रवार मिळून १६ दिवसांपैकी १५ दिवस गैरहजर, इतर वारी नियमित. आईने सांगितले की कुटुंबातील एका सदस्याचे उपचार या दोन वारी सकाळी ६.३० ते दुपारी १.३० या वेळेत असतात व सोबत आईला जावे लागते. या वेळेत घरी अडीच वर्षांच्या भावाजवळ विद्यार्थिनी असते. शेजारी सकाळी १० नंतर मदत करू शकतील असे आईला वाटते. या वेळेत पालकांचा फोन बंद असतो, संपर्क बुधवारी सायंकाळी ५ नंतर करावा. पालकांची मुलीने रोज शाळेत यावे अशी इच्छा आहे."

पहिल्यापेक्षा ह्यात माहिती जास्त आहे, कमी नाही. पण ती सगळी अशी आहे की तिच्यावरून काहीतरी करता येतं. आणि शनिवारी मी तो आईला वाचून दाखवला, त्यांच्या दारात बसून. दुरुस्ती आली. अहवालाच्या वरच्या रकान्यात मी आईचा व्यवसाय "मजुरी" लिहिला होता. त्या म्हणाल्या, "मजुरी नाही मॅडम, मी सैपाक करतो, चार घरचा, सात वर्षं झाले." खोडून "स्वयंपाकाचे काम" केलं. मग वडिलांनी आतून विचारलं, बिमारीचं नाव हाय का त्यात? नाही म्हटलं. मग त्यांनीच सोनूच्या आईला सांगितलं, सही कर. हमीपत्र वगैरे मी घेतलं नाही. बऱ्याच ठिकाणी घेतात, "यापुढे पाल्यास नियमित पाठवीन" म्हणून. जे पाळणं त्या बाईच्या हातात नाही त्याची तिच्याकडून लेखी हमी घ्यायची आणि मग ती मोडली म्हणून तिलाच दाखवायची, मला हे पटत नाही.

कृती आराखडा दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यापासून लागू केला. छापील नमुन्यात सात-आठ रकाने असतात, मी तीनच गोष्टी लिहिल्या, प्रत्येकीसमोर कोण करणार आणि झालं की नाही हे कसं कळणार.

पहिली, मंगळवार-शुक्रवारी सोनू मधल्या सुट्टीनंतर, सव्वादहाला येणार. मावशीशी आई स्वतः बोलली, किती सांगायचं ते तिने ठरवलं. हजेरीत अर्धा दिवस असाच लावायचा, पूर्ण नाही. सहकारी म्हणाले लावून टाका ना पूर्ण, मुलीचाच टक्का वाढेल. पण मग पंधरा दिवसांनी मला काय कळणार, आराखडा चालला की फक्त पेन चालला?

दुसरी गोष्ट माझ्याकडे होती. ह्या दोन वारी गणित पहिल्या-दुसऱ्या तासाला होतं, ऑगस्टच्या शेवटापासून सोनूचं गणित त्यामुळेच बुडत होतं. इतिहासाच्या सरांशी तास बदलून घेतले, गणित पाचव्या तासाला. मुख्याध्यापकांची सही, दहा मिनिटांचं काम. अपूर्णांकांचा गुणाकार-भागाकार तिचा पूर्ण सुटला होता, तो शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास, चार शनिवार.

तिसरी, दवाखान्यातली पाळी बदलून मिळते का ते बघायचं. सरकारी दवाखान्यात समाजसेवा अधीक्षक असतात, रुग्णांच्या अशाच अडचणींसाठी, बहुतेक लोकांना माहीतच नसतं. मी शाळेच्या लेटरहेडवर पत्र दिलं, की मुलगी सकाळच्या शाळेत शिकते, दुपारची पाळी मिळाल्यास तिचे आठवड्याचे दोन दिवस वाचतील. पत्र आई स्वतः घेऊन गेली. आजाराचं नाव असलेले कागद तिच्याच पिशवीत राहिले, त्यांची झेरॉक्स शाळेच्या फाइलला लागली नाही. बालसंगोपन योजनेची माहितीही दिली, अर्ज करायचा की नाही हे त्यांनी घरी बसून ठरवायचं, मी आराखड्यात तो रकाना टाकला नाही. ठरवलेलं उद्दिष्ट १०० टक्के नव्हतं. महिन्यातल्या आठ मंगळवार-शुक्रवारांपैकी सहा दिवस निदान अर्धी शाळा, एवढंच.

पहिले दोन आठवडे छान गेले, चारपैकी तीन दिवस आली. सव्वादहा म्हटलं तर दहा-दहालाच, धापा टाकत. मग नोव्हेंबर अर्धा झाला आणि परत दोन्ही वार कोरे. मावशी गावाकडे गेली होती, भंडाऱ्याकडे, धान कापणीला. हा महिना धानाचा आहे हे मला नागपुरात जन्म काढून सुचायला हवं होतं. एका माणसावर टेकवलेला आराखडा त्या माणसाबरोबर गावाला जातो. चार दिवस गेले. तरी ह्या वेळी फरक एवढा होता की पहिल्याच मंगळवारी मला कळलं, बुधवारी पाचला फोन केला आणि आईने उचलला. अंगणवाडीत विचारून पाहिलं, सेविका चांगल्या, पण तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय मुलाला बसवता येत नाही म्हणाल्या, आणि छोट्याला तीन पूर्ण व्हायला मे उजाडणार होता. त्या दोन आठवड्यांत मी फक्त वही पाठवली, बुधवारी मैत्रिणीची वही सोनूकडे आणि गुरुवारी परत. आढाव्यात तसंच लिहिलं, "शेजारी बाहेरगावी, पर्यायी व्यवस्था झाली नाही, ४ दिवस गैरहजर." पहिल्यासारखं गोलमोल लिहिलं नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारची पाळी मिळाली. आई सोनू घरी पोचली की निघते, पाऊण वाजेपर्यंत. आता साडेबाराला शाळा सुटली की सोनू पळत सुटते आणि मंगळवार-शुक्रवारी मी शेवटचा तास पाच मिनिटं आधी थांबवते, तिच्या एकटीसाठी नाही, सगळ्यांचंच दप्तर भरायला लावते. जानेवारीत ते आठ वार होते, सात दिवस पूर्ण हजर. गणितात अपूर्णांक आले, दशांश अजून डळमळीत.

आईने अहवालाची एक प्रत मागून घेतली होती. दवाखान्याच्या फाइलमध्ये ठेवते म्हणाली, पाळीचं पुन्हा काही झालं तर दाखवायला.

फेब्रुवारीत परत तीन दिवस ती आली नाही, मंगळवार, बुधवार, गुरुवार, सलग, म्हणजे जुना नमुना नव्हता. बुधवारी पाचला फोन लागला नाही, गुरुवारी रात्री आईचाच आला. बाबांना भरती केलंय, सोनू आजीकडे कामठीला आहे, सोमवारी येते. मी आढाव्याच्या पानावर लिहिलं : "कुटुंबातील उपचारांमुळे ३ दिवस, आईने स्वतः फोन करून कळवले. सोमवारी हजेरी पाहणे." आणि वहीत दशांशाची दोन पानं वेगळी लिहून ठेवली, सोमवारसाठी.